वीस मिनिटं मागताना

‘आदरणीय सर/मॅडम, मी एम.एस्सी. (रसायनशास्त्र) च्या शेवटच्या वर्षात शिकत आहे. मला पेटंटच्या क्षेत्रात करिअर करण्याची मनापासून इच्छा आहे. तरी आपण मला याबाबत योग्य ते मार्गदर्शन करावे, ही नम्र विनंती. सोबत बायोडेटा जोडला आहे. आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत.’

या मेलमध्ये उद्धटपणा नाही, खोटं काही नाही, शुद्धलेखनही ठीक आहे. तरी अशा मेलला सहसा उत्तर येत नाही. पाठवणाऱ्या मुलीला वाटतं, मोठी माणसं ती, त्यांना कुठला आलाय वेळ. पण हाच मेल मुंबईतल्या एखाद्या पेटंट एजंट बाईंच्या जागी उभं राहून वाचला, तर अडचण वेगळीच दिसते. संध्याकाळी लोकलची वाट बघताना त्या फोनवर मेल उघडतात. ‘सर/मॅडम’ वाचून कळतं की हेच पत्र आणखी चाळीस जणांना गेलेलं आहे. पुढे मार्गदर्शन मागितलंय. म्हणजे नेमकं काय करायचं? कायदा समजावून सांगायचा, पुस्तकांची यादी द्यायची, की कॉलेजात येऊन भाषण करायचं? मार्गदर्शन दहा मिनिटांचं असतं तसं दहा वर्षांचंही असतं. त्यात बायोडेटा जोडलेला, म्हणजे नोकरीच हवी असणार, आणि कचेरीत जागा तर नाही. तोंडावर नाही म्हणणं जिवावर येतं आणि हो म्हणावं तर कशाला ते कळत नाही. ‘सवडीने बघू’ म्हणून मेल मागे पडतो तो पडतोच.

ज्याला कधी भेटलो नाही अशा, एखाद्या कामात मुरलेल्या माणसाकडे थोडा वेळ मागायचा आणि ते काम आतून कसं असतं एवढंच विचारायचं, या पद्धतीला अमेरिकेत ‘इन्फर्मेशनल इंटरव्ह्यू’ म्हणतात. ती लोकप्रिय केली रिचर्ड बोल्स यांनी. बोल्स हे धर्मोपदेशक. सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथेड्रलमधली त्यांची नोकरी १९६८ मध्ये खर्चकपातीत गेली. आपल्यासारखेच इतर धर्मोपदेशकही बेकार होताहेत आणि आयुष्यभर एकच काम केल्यामुळे दुसरं काम कसं असतं याची त्यांना कल्पनाच नाही, हे पाहून त्यांनी १९७० मध्ये स्वतःच्या खर्चाने एक पुस्तक छापलं, ‘व्हॉट कलर इज युअर पॅराशूट?’. पुढे त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. त्यांच्या सल्ल्याचा गाभा साधा होता: नोकरी धरण्याआधी, ती करणाऱ्यांना जाऊन विचारा. लोकांनी मग यातूनही पळवाट काढली. माहितीच्या नावाखाली वेळ मागायची आणि सातव्या मिनिटाला बायोडेटा पुढे सरकवायचा. अशा भेटींनी पोळलेले वरिष्ठ आता विनंती वाचताना सगळ्यात आधी हाच वास घेतात. म्हणून या विनंतीसोबत बायोडेटा जोडायचा नाही. बाकी सगळं थोडं पुढेमागे झालं तरी चालेल, या बाबतीत मात्र तडजोड नको.

आपल्या उदाहरणातली मुलगी कोल्हापूरची आहे असं समजू. पेटंट एजंटचं काम काय असतं हे तिला ढोबळमानाने ठाऊक आहे. शोध लावणाऱ्याच्या वतीने अर्जाचा मसुदा लिहायचा, तो पेटंट कार्यालयात दाखल करायचा आणि तिथल्या परीक्षकाने काढलेल्या हरकतींना उत्तरं द्यायची. त्यासाठी विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते आणि पेटंट कार्यालयाची परीक्षा पास व्हावी लागते. हे सगळं सरकारी संकेतस्थळावर आहे, म्हणून यातलं काहीही त्या बाईंना विचारायचं नाही. पात्रता काय, फी किती, अभ्यासक्रम कोणता असले प्रश्न विचारले की समोरच्याला कळतं, हिने आपल्याकडे यायच्या आधी स्वतः काहीच पाहिलेलं नाही. तिला जे कुठेच वाचायला मिळत नाही ते निराळं आहे. रसायनशास्त्राचा पदवीधर या कामात पडला की त्याचं पहिलं वर्ष कशात जातं? दिवसातला किती वेळ लिहिण्यात आणि किती शोधण्यात जातो? लोक हे काम सोडून जातात ते कशामुळे? असल्या प्रश्नांची उत्तरं फक्त माणसांकडे असतात, आणि शेवटच्या प्रश्नाचं तर ज्याने दहा-पंधरा वर्षं माणसं येताना-जाताना पाहिली आहेत त्याच्याचकडे. वरिष्ठ माणूस गाठायचा तो एवढ्यासाठी. नाहीतर दोन वर्षांपूर्वी पास झालेला एखादा सीनियर परीक्षेबद्दल त्यांच्यापेक्षा जास्त ताजं सांगेल.

आता कोणाला लिहायचं? इथे बहुतेक जण लिंक्डइनवर ‘पेटंट’ शोधतात आणि पहिल्या दहा नावांना एकच मजकूर पाठवतात. या क्षेत्रात त्याहून चांगली वाट आहे. पेटंट कार्यालयाचं जर्नल दर शुक्रवारी निघतं आणि संकेतस्थळावर प्रसिद्ध झालेले अर्ज कोणालाही शोधून वाचता येतात. अर्जाच्या कागदपत्रांत तो दाखल करणाऱ्या एजंटचं नाव असतं. नोंदणीकृत एजंटांची यादीही तिथेच आहे. मुलीचा एम.एस्सी.चा प्रकल्प आहे कापडाच्या प्रोसेसिंगच्या सांडपाण्यातला रंग शोषून घेणाऱ्या पदार्थांवर. इचलकरंजी शेजारीच, त्यामुळे विषय आपसूक आलेला. तिने याच विषयावरचे प्रसिद्ध झालेले अर्ज शोधले, त्यातले तीन-चार नीट वाचले आणि एका अर्जावर त्या बाईंचं नाव सापडलं. या कामाला एक दुपार जाते. पण तिच्या पत्राचं पहिलं वाक्य आता इतर कोणालाही लिहिता येणार नाही, हा त्या दुपारचा हिशेब.

मागायची भीती वाटतेच. तिच्याबद्दल संशोधकांनी काही मोजून पाहिलंय, आणि त्यातल्या दोन गोष्टी एकमेकींच्या उलट्या वाटतात. फ्रान्सिस फ्लिन आणि वनेसा बोन्स यांनी २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सांगितलं होतं की अनोळखी माणसांना गाठून लहानशी मदत मागा, उदाहरणार्थ एक प्रश्नावली भरून घ्या. ठरलेले होकार मिळवायला किती जणांना विचारावं लागेल, याचा अंदाज आधीच घेतला. प्रत्यक्षात अंदाजाच्या निम्म्याच्या आसपास माणसांना विचारून काम झालं. म्हणजे आपल्याला वाटतं त्यापेक्षा लोक बरेच जास्त वेळा हो म्हणतात. पण ही मागणी समोरासमोर होती. पुढे २०१७ मध्ये महदी रोगानीझाद आणि बोन्स यांनी तीच मागणी प्रत्यक्ष आणि ईमेलने, अशी दोन्हीकडून करून पाहिली. प्रत्यक्ष मागणं ईमेलपेक्षा ३४ पटींनी जास्त परिणामकारक ठरलं. मेल पाठवणाऱ्यांना हा फरक आधी अजिबात जाणवला नव्हता. आपण प्रामाणिक आहोत हे आपल्याला माहीत असतं, त्यामुळे ते मेलमधूनही दिसेल असं आपण धरून चालतो. वाचणाऱ्याला मात्र फक्त एक अनोळखी पत्ता दिसत असतो.

यातून माझ्या मते दोन व्यवहारी गोष्टी निघतात. बाईंचं व्याख्यान पुण्यात किंवा कोल्हापुरात कुठे असेल, तर संपल्यावर गर्दी ओसरू द्यावी, पुढे जाऊन नाव सांगावं आणि एवढंच विचारावं, ‘मॅडम, आपल्याला एक मेल केला तर चालेल का?’ तिथेच प्रश्नांचं गाठोडं सोडायचं नाही. चालेल म्हणाल्या की दुसऱ्या दिवशीचा मेल अनोळखी राहत नाही. आणि अशी संधी नसेल, तर भरवसा वाटावा असा काहीतरी पुरावा मेलच्या मजकुरातच असला पाहिजे. लिंक किंवा फाइल जोडून तो येत नाही, उलट संशय वाढतो.

आपल्याकडे तिसरी एक रीत आहे. ‘काकांच्या मित्राच्या ओळखीच्या आहेत, काका फोन करतील.’ फोन होतो आणि वेळही मिळते. पण मग बाई बोलतात ते काकांच्या शब्दाखातर, आणि ओळखीच्या घरातल्या मुलीशी बोलावं तसं गुळमुळीत. ‘छान क्षेत्र आहे, मेहनत कर’ असं ऐकून मुलगी घरी येते. लोक काम सोडून का जातात, हे मैत्रीच्या घरच्या मुलीला कोण सांगतंय? ओळख वापरायची असेल तर ती नावापुरती वापरावी, त्या माणसाची परवानगी घेऊन, आणि पत्र स्वतः लिहावं.

तर मुलीने नव्याने लिहिलेला मेल साधारण असा होईल. विषयाच्या ओळीत: ‘पेटंट एजंटच्या कामाविषयी दोन प्रश्न, वीस मिनिटांची विनंती’. आणि मजकूर:

‘नमस्कार मॅडम,

मी कोल्हापूरला एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. कापड उद्योगाच्या सांडपाण्यातला रंग शोषून घेणाऱ्या पदार्थांवर माझा प्रकल्प आहे. याच विषयावर आपण दाखल केलेला एक अर्ज पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर वाचला. पहिला दावा इतका व्यापक आणि पुढचे दावे एकेक पायरीने मर्यादित का केलेत, याचा विचार करताना या कामाबद्दल कुतूहल वाटू लागलं.

नव्याने आलेल्या रसायनशास्त्राच्या पदवीधराचं पहिलं वर्ष कोणत्या कामात जातं, आणि त्यातली कोणती माणसं टिकतात, हे दोन प्रश्न आपल्याला फोनवर विचारता येतील का? वीस मिनिटं पुरतील. पुढच्या दोन आठवड्यांत आपल्या सोयीची कोणतीही वेळ चालेल. हे पत्र नोकरीसाठी नाही, परीक्षेला बसायचं की नाही हे मला ठरवायचं आहे.

वेळ नसेल तर तसं एका ओळीत कळवलंत तरी चालेल.’

खाली नाव, कॉलेज आणि फोन नंबर. एवढंच.

हा मजकूर फोनच्या पडद्यावर थोडंसं खाली सरकवलं की संपतो. पहिल्या परिच्छेदात ओळखीचा धागा आहे आणि तो खरा आहे. दाव्यांचा क्रम अर्ज न वाचता कोणाला लिहिता येणार नाही. इथे एका मोहापासून सांभाळायला हवं. भारतात पेटंटबद्दल लिहिताना जो तो हळदीच्या पेटंटपासून सुरुवात करतो, अमेरिकेतलं ते पेटंट १९९७ मध्ये रद्द कसं झालं आणि त्यामागे डॉ. माशेलकरांच्या काळातली सीएसआयआर कशी होती. गोष्ट खरी आणि अभिमानाची आहे, पण या क्षेत्रातल्या माणसाने ती इतक्या वेळा वाचलेली असते की त्या वाक्यावरून नजर घसरून जाते.

प्रश्न मेलमध्येच लिहिले आहेत, ते मुद्दाम. काय विचारलं जाणार हे आधी कळलं की संकोच जातो. शिवाय बाईंना वाटलं तर त्या फोन न करता चार ओळींत उत्तर लिहून मोकळ्या होऊ शकतात, आणि तेही मिळवण्यासारखंच आहे. वीस मिनिटं असं स्पष्ट लिहिल्यावर ती कुठे बसवायची हे ठरवणं त्यांना सोपं जातं. ‘थोडा वेळ’ लिहिलं असतं तर तो थोडा म्हणजे किती, याची धास्ती राहिली असती. नोकरीविषयीचं वाक्य मात्र खरं असेल तरच लिहावं. ती खरोखर नोकरी शोधत असेल, तर तिने त्या कचेरीत रीतसर अर्ज करावा. एकाच माणसाला दोन्ही तऱ्हेची पत्रं पाठवली की दोन्ही फुकट जातात.

भाषेबद्दल एक शब्द. वरचा मजकूर मराठीत दिला आहे, पण नुसतं मराठी आडनाव दिसलं म्हणून मराठीत लिहू नये. त्या व्यक्तीने कुठे मराठीत लिहिलेलं, बोललेलं दिसलं तर जरूर लिहावं; नाहीतर साधं इंग्रजी बरं. आणि व्हॉट्सॲप टाळावं. तिथे अनोळखी नंबरवरून आलेला मजकूर घरच्यांच्या निरोपांमध्ये जाऊन बसतो, वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतात आणि समोरच्याला लगेच उत्तर देण्याची अडचण होते. कामाचा ईमेल पत्ता हीच योग्य जागा.

उत्तर आलं नाही तर आठवड्याभराने त्याच मेलला जोडून दोन ओळी पाठवाव्यात: ‘मॅडम, मागच्या आठवड्यातला मेल पाहण्यात आला नसेल म्हणून पुन्हा पाठवते आहे. या महिन्यात जमत नसेल तर हरकत नाही.’ यापुढे तिसरा मेल नाही, फोन नाही, त्यांच्या सहकाऱ्याला विचारणं नाही. पेटंट कार्यालयाचा पहिला परीक्षण अहवाल आला की त्याला सहा महिन्यांच्या आत उत्तर द्यावं लागतं. एखाद्या एजंटच्या टेबलावर अशा मुदती एकापाठोपाठ एक येत असतात. गप्प बसण्यामागे बहुतेक वेळा एवढंच असतं. म्हणून एकाच नावावर आस लावून बसू नये. तीन-चार जणांना, प्रत्येकाचा अर्ज वेगळा वाचून, वेगळं पत्र लिहावं. कधी कधी ‘माझ्या सहकाऱ्याशी बोला’ असं उत्तर येतं आणि मुलीचा हिरमोड होतो. तसं व्हायचं कारण नाही. चार-पाच वर्षं काम केलेला तो सहकारी पहिल्या वर्षाबद्दल जास्त नेमकं सांगू शकतो, आणि त्याला लिहिताना तिच्या हातात आता बाईंचं नाव आहे.

समजा, बाईंचा होकार आला: गुरुवारी संध्याकाळी साडेपाच. ‘फोन कोण करणार’ हा गोंधळ होऊ नये म्हणून तिने लगेच कळवावं, ‘मीच साडेपाचला फोन करते.’ आणि साडेपाचलाच करावा. पहिल्या मिनिटात आभार, आपण कोण याचं एक वाक्य, आणि थेट पहिला प्रश्न. स्वतःबद्दल पाच मिनिटं बोलत राहिलं की वीसपैकी चौथा भाग गेला. बाई सांगू लागल्या की नव्या माणसाचं पहिलं वर्ष बहुतेक ‘प्रायर आर्ट’ शोधण्यात जातं, म्हणजे हा शोध जगात आधी कुठे नोंदला गेलाय का ते धुंडाळण्यात, तर पुढचा प्रश्न आधी लिहून ठेवलेल्या कागदावरून घेऊ नये, याच उत्तरातून काढावा: ‘त्या शोधात रसायनवाल्याचं नेमकं काय चुकतं?’ इथून पुढे खरं बोलणं सुरू होतं. कोणी सांगतं, रेणूची रचना पाठ असते पण वाक्य लिहिता येत नाही. कोणी म्हणतं, प्रयोगशाळेची सवय झालेला माणूस दिवसभर पडद्यासमोर बसून कंटाळतो आणि दीड वर्षात परत जातो. हे ऐकायलाच तर फोन केला होता.

काही प्रश्न मात्र या क्षेत्रात विचारायचेच नसतात. ‘सध्या कोणत्या शोधावर काम चाललंय?’ हा साधा वाटणारा प्रश्न त्यातलाच. पेटंटचा अर्ज दाखल झाल्यावर साधारणपणे १८ महिने प्रसिद्ध होत नाही आणि तोवर त्यातला मजकूर गोपनीय असतो. असं विचारलं की बाई जपून बोलू लागतात आणि मग शेवटपर्यंत जपूनच बोलतात. पगाराचा प्रश्नही ‘तुम्हाला किती मिळतो’ असा नको. ‘नव्या माणसाने साधारण किती धरून चालावं?’ असं विचारलं तर बहुतेक जण मोकळेपणाने सांगतात.

सतराव्या-अठराव्या मिनिटाला तिनेच म्हणावं, ‘मॅडम, वीस मिनिटं होत आली.’ बाईंना अजून बोलायचं असेल तर त्या बोलतील, पण शब्द तिने पाळला. शेवटचा प्रश्न मग असा: ‘यातलं आणखी समजून घ्यायला कोणाशी बोलावं असं आपल्याला वाटतं?’ नाव मिळालं तर विचारून घ्यावं, ‘आपलं नाव सांगितलं तर चालेल ना?’

त्याच रात्री आभाराचा मेल, तीन-चार ओळींचा. ‘आपल्या अमूल्य मार्गदर्शनाबद्दल’ वगैरे नको. ऐकलेल्यातलं एक नेमकं काही लिहावं, जसं की ‘दिवसभर पडद्यासमोर बसण्याबद्दल आपण जे म्हणालात, त्यावर खरंच विचार करते आहे’. आणि एका माणसाच्या बोलण्यावर लगेच काही ठरवू नये. बाईंच्या कचेरीत औषधकंपन्यांचं काम जास्त असेल तर त्यांना दिसणारं पेटंटचं जग तेवढंच असतं. विद्यापीठांचे अर्ज पाहणाऱ्या दुसऱ्या एजंटला ते वेगळं दिसतं. दोघांची उत्तरं जिथे जुळत नाहीत, तिथेच तिचा पुढचा प्रश्न असतो.

सहा-आठ महिन्यांनी आणखी एक मेल जायला हवा, आणि तोच बहुतेक जण विसरतात. परीक्षा दिली, पास झाली, तर कळवणं सोपं आहे. पण ती परीक्षेला बसलीच नाही, एखाद्या कारखान्याच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये रुजू झाली, तरीही लिहावं: ‘मॅडम, गेल्या वर्षी आपल्याशी बोलल्यावर लक्षात आलं की मला प्रयोगशाळा सोडवत नाही. म्हणून परीक्षेचा अर्ज भरला नाही. सध्या इथे पाण्याचे नमुने तपासते आहे.’ असा मेल बाईंच्या कचेरीत क्वचितच येतो, आणि पुढच्या वेळी कोल्हापूरहून कोणी वीस मिनिटं मागितली तर तो त्यांना आठवतो.